एक गणपती, दोन पार्किंग : परदेशातल्या एका मराठी मंडळाच्या पत्रकाची गोष्ट

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्य भागातलं एक विद्यापीठाचं गाव. तिथल्या मराठी मंडळाचे दोन-अडीचशे कुटुंबं सभासद आहेत. मंडळाचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसांनाही त्यांच्या पदांनीच ओळखू. मंडळाची सचिव माझी भाची, इंदूरच्या रामबागेत वाढलेली. पत्रक तयार करायचं काम तिच्याकडे होतं. तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे माझं जेवण उरकलं की तिचा फोन यायचा. "मामा, काय करून राहिलात? एक कागद बघून द्याल?"

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, बुधवारी आली. तिकडे बुधवारी सुट्टी नाही, म्हणून घरोघरी प्रतिष्ठापना झाली तरी मंडळाचा कार्यक्रम शनिवारीच करावा लागतो. लगेचचा शनिवार ३० ऑगस्टचा, पण सोमवारी, १ सप्टेंबरला, तिथली कामगार दिनाची सुट्टी. जोडून तीन दिवस मिळाले की निम्मं गाव बाहेर पळतं आणि शाळाही हॉल द्यायला कुरकुर करते. ७ तारखेला पौर्णिमा आणि तिच्यामागे पितृपक्ष. राहिला ६ सप्टेंबरचा शनिवार. नेमकी अनंत चतुर्दशी, म्हणजे तिथीच्या दृष्टीनेही कोणाला बोट ठेवायला जागा नाही. तारखेवर वाद झालाच नाही आणि पुढची बरीचशी गुंतागुंत इथेच दडलेली होती.

जागा गावातल्या हायस्कूलची. पाचशे आसनांचं सभागृह आणि शेजारी जेवणासाठी कॅफेटेरिया. शाळेला दोन पार्किंग आहेत. उत्तरेकडचं मोठं आणि दक्षिणेकडचं ७४ गाड्यांचं.

पहिलं पत्रक

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पत्रक गेलं. मोदकांची नक्षी, मध्ये बाप्पा, खाली तीन चौकटी. तिकिटांची चौकट खजिनदारांनी लिहिली, स्वयंसेवकांची दुसऱ्या एका ताईंनी आणि पार्किंगची ज्यांनी शाळेशी बोलणी केली त्यांनी. मजकूर साधारण असा होता :

"महाप्रसाद व सांस्कृतिक कार्यक्रम : मोठ्यांना २५ डॉलर, ५ ते १२ वर्षे १२ डॉलर, ५ वर्षांखालील मुलांना मोफत. दर्शन सर्वांना खुले. पूजा सकाळी १० वाजता. स्वयंसेवक हवेत, इच्छुकांनी नावे नोंदवावीत. पार्किंग शाळेच्या आवारात, भरपूर व मोफत."

गणपतीला तिकीट, हे इंदूरच्या माणसाला पटकन पचत नाही. आपल्याकडे चंदा गोळा होतो, मांडव पडतो आणि जो येईल तो आपला. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात. मिलना टाळं लागून जमाना लोटला, तरी कामगार झांक्या काढतातच, आणि अख्खं शहर रस्त्यावर उभं राहून पाहतं. गाडी कुठे लावायची हा प्रश्न ज्याचा त्याचा. तिकडे हॉलचं भाडं, विम्याचं प्रमाणपत्र, शाळेच्या सफाई कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम आणि केटररचं बिल हे सगळं कार्यक्रमाआधी ठरलेलं असतं. तेव्हा जेवण आणि कार्यक्रम तिकिटावर, दर्शन मात्र विनामूल्य, हा त्यांनी काढलेला मध्यममार्ग मला रास्त वाटला. फक्त "दर्शन सर्वांना खुले" याच्यापुढे वेळ नव्हती, म्हणजे किती माणसं कधी येतील याचा अंदाज कोणालाच करता येणार नव्हता.

अडचण

ऑगस्टच्या मध्यावर शाळेकडून सहीसाठी करारनामा आला. त्याला जोडलेल्या शेवटच्या पानावर एक ओळ होती : विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्याच्या शनिवारी उत्तरेकडचं पार्किंग दुपारी चार वाजेपर्यंत मिळणार नाही. शाळेच्या बँडसाठी निधी जमवणारा पालकांचा एक गट आहे. सामन्याच्या दिवशी तो ते पार्किंग भाड्याने देतो, गाडीमागे ३० डॉलर. आणि ६ सप्टेंबरला सामना गावातच होता, सकाळी अकराचा.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय प्रकार आहे हे इथे बसून कळत नाही. स्टेडियम शाळेपासून मैलभरावर. सामना साडेतीन तासांचा, पण लोक पहाटेपासून गाड्या लावून, शेगड्या पेटवून बसतात. सकाळी साडेनऊ ते अकरा या वेळात त्या बाजूचे रस्ते तुंबलेले असतात. आणि मंडळाची पूजा होती दहाला.

दुसरी अडचण तिकिटांच्या यादीतून वर आली. त्या दिवसापर्यंत ११२ कुटुंबांनी मिळून २९४ तिकिटं घेतली होती. खजिनदार म्हणाले, कॅफेटेरियाची मर्यादा ३०० आहे, आता विक्री बंद करू. भाचीने विचारलं, पाच वर्षांखालची मुलं किती? ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता. जे मोफत ते मोजायचं कशाला, असा साधा हिशेब. फोन करून विचारलं तर ४१ निघाली. शिवाय कलाकार, गुरुजी आणि कामावरचे स्वयंसेवक मिळून ३८, तेही यादीबाहेर. म्हणजे जेवायला ३७३ जण.

त्या ३०० आकड्याबद्दल थोडं सांगतो. तिथे प्रत्येक सार्वजनिक खोलीच्या भिंतीवर अग्निशमन नियमांनुसार ठरलेली माणसांची कमाल संख्या लावलेली असते. टेबल-खुर्च्या मांडून जेवायची सोय असेल तर साधारणपणे माणशी १५ चौरस फूट धरतात, नुसत्या सुट्या खुर्च्या असतील तर ७. म्हणून एकाच खोलीची मर्यादा मांडणीप्रमाणे बदलते. पण माणूस म्हणजे माणूस. कडेवरचं बाळही त्यात मोजलं जातं, कारण आग लागली तर त्यालाही त्याच दारातून बाहेर काढायचं असतं. तिकिटाच्या दृष्टीने ते बाळ शून्य आणि दाराच्या दृष्टीने एक, हा फरक पत्रक लिहिताना तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

आणि गाड्या? ११२ कुटुंबं म्हणजे ११२ गाड्या नव्हेत. ज्या घरातलं एक माणूस मांडणीसाठी लवकर जातं, त्या घराच्या दोन गाड्या येतात. अंदाज १२० चा निघाला. दक्षिणेच्या ७४ पैकी तीन जागा अपंगांसाठी राखीव, दहा-बारा केटरर, गुरुजी आणि ध्वनियंत्रणावाल्यांच्या. हाती साठाच्या आसपास उरल्या.

कोणते पर्याय होते

तारीख हलवता येत नव्हती, ते वर आलंच. दुसरा हॉल शोधायचा तर अनामत बुडते आणि विम्याचं प्रमाणपत्र नव्या जागेच्या नावाने पुन्हा काढावं लागतं. तो विषय पाच मिनिटांत संपला.

बँडच्या पालकांकडून जागा विकत घ्याव्यात, असं खजिनदारांचं म्हणणं होतं. साठ जागांचे १८०० डॉलर. ते लोक थोडी सूट द्यायला तयार होते, पण एकदा आत लावलेली गाडी सामना संपेपर्यंत बाहेर काढायची नाही, ही त्यांची अट. लहान मुलांच्या घरांना ती परवडण्यासारखी नव्हती.

तिसरा पर्याय पाऊण मैलावरच्या चर्चचं पार्किंग. शनिवारी ते रिकामं असतं. चर्चच्या विश्वस्तांनी पैसे मागितले नाहीत, फक्त विम्यात आपलं नाव घालून मागितलं. प्रश्न तिथून शाळेत यायचा. जरीच्या साड्या, गुडघे दुखणारे आई-वडील, बाबागाड्या. ही मंडळी फुटबॉलच्या गर्दीतून पाऊण मैल चालणार नाहीत. मग व्हॅन. साध्या लायसन्सवर चालवता येईल अशी बारा आसनांची व्हॅन भाड्याने मिळते, ड्रायव्हर वजा जाता अकरा माणसं. चढणं-उतरणं धरून फेरीला पंधरा मिनिटं. दोन व्हॅन म्हणजे तासाला ८८ माणसं. साठ गाड्यांतून माणसं येणार १८०, म्हणजे दोन तास नुसती वाहतूक.

समितीची बैठक इथेच अडली. मला रात्री उशिरा भाचीचा फोन आला, "मामा, तुमच्या कॉलनीत लग्नाच्या वेळी काय करतात?" मी म्हटलं, करतात काय, बाईमाणसांना आणि म्हाताऱ्यांना मांडवाच्या दारात उतरवतात आणि गाडी घेऊन पुरुष निघून जातो. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, म्हणजे व्हॅनमध्ये फक्त ड्रायव्हर. तिने तिथल्या तिथे हिशेब केला : साठ माणसं, पाऊण तासाच्या आत.

काय केलं

पहिला बदल वेळेचा. पूजा दहाऐवजी दुपारी एकला आणि दरवाजे साडेबाराला. त्या वेळी सामना ऐन रंगात असतो, रस्ते मोकळे असतात. हे ठरवता आलं याचं कारण हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांच्या वेळा बऱ्याच आधी जाहीर होतात. पुढच्या सामन्यांच्या वेळा टीव्हीवाले बहुधा बारा दिवस आधी ठरवतात, कधी सहाच दिवस आधी. कार्यक्रम ऑक्टोबरात असता तर असं आधीपासून आखता आलं नसतं.

दुसरा बदल तिकिटाचा. पाच वर्षांखालील मुलांना मोफतच, पण तिकीट घ्यायलाच हवं. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना फॉर्म पुन्हा पाठवला, त्यात मुलांची संख्या आणि "किती गाड्या येणार" असे दोन नवे रकाने घातले. जेवणाच्या दोन पंगती केल्या आणि पंगत तिकिटावरच छापली. उघडं दर्शन साडेचार ते साडेपाच ठेवलं, कारण चारनंतर उत्तरेचं पार्किंग रिकामं होणार होतं.

मग दक्षिणेच्या साठ जागा द्यायच्या कोणाला? आधी ठरलं की ज्यांच्या घरी पासष्टच्या पुढची माणसं किंवा तान्ही बाळं आहेत त्यांना. फॉर्मवर विचारलं तर जवळजवळ प्रत्येकाने हो म्हटलं, आणि कोणी खोटं बोललं नव्हतं. सप्टेंबरात निम्म्या घरांत भारतातून आलेले आई-वडील असतातच. इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, सगळीकडचे. गंमत म्हणजे दारात उतरवायची सोय झाल्यावर या पासची त्यांना गरजच उरत नव्हती.

स्वयंसेवकांची गाडी दुसरीकडेच अडली होती. "इच्छुकांनी नावे नोंदवावीत" याला दोन दिवसांत पन्नासावर नावं आली होती. मखर, रांगोळी, वाढप, रंगमंच. पार्किंगला एकही नाही आणि सफाईला एकही नाही. मग कामांची यादी वेळेसकट आणि माणसांसकट नव्याने केली. "दक्षिण दार, १२ ते १.१५, चार जण, उन्हात उभं राहावं लागेल" अशी. त्यातलं "उन्हात उभं राहावं लागेल" काढा, असं काहींचं म्हणणं होतं. भाचीने ठेवलं. जो येतो त्याला आधीच ठाऊक असतं, मग तो पंधरा मिनिटांत सावली शोधत आत येत नाही.

आणि दोन अडचणींची गाठ एकमेकींना बांधली ती इथे. पार्किंग किंवा सफाईची पाळी घेणाऱ्याला दक्षिणेचा पास. समितीत कुरबुर झाली, सेवेला बक्षीस कसलं? मला मात्र हा निर्णय सगळ्यांत चांगला वाटतो. ही माणसं सगळ्यांच्या आधी येतात आणि सगळ्यांच्या नंतर जातात, त्यांची गाडी व्हॅनच्या वेळापत्रकात अडकवून कसं चालेल? तीन दिवसांत दोन्ही याद्या भरल्या. उरलेले पास अपंगत्वाचं कार्ड असलेल्या गाड्यांना आणि कलाकारांना गेले. पार्किंगवाल्यांची आरती बुडू नये म्हणून सव्वातीनला त्यांच्यासाठी दुसरी आरती ठेवली. हायस्कूलच्या मुलांना सेवेच्या तासांचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे तीही हौसेने आली, पण त्यांना गाड्यांमध्ये उभं न करता दारापाशी आणि चपलांपाशी ठेवलं.

नव्या पत्रकातला पार्किंगचा मजकूर असा झाला :

"६ सप्टेंबरला फुटबॉल सामना आहे. शाळेचे उत्तर पार्किंग दुपारी ४ पर्यंत आपल्यासाठी बंद आहे, तिथे गाडी लावल्यास ३० डॉलर आकारले जातील. दक्षिण पार्किंग फक्त पासधारकांसाठी. इतर सर्वांनी पश्चिमेच्या मुख्य दारात कुटुंबाला उतरवावे. गाडी चालवणाऱ्याने एकट्याने चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावून व्हॅनने परत यावे. व्हॅन १२.१५ ते १.४५, दर सात-आठ मिनिटांनी. दारात दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये."

काय झालं

तिथे दुपारचा एक वाजला तेव्हा इंदुरात रात्रीचे साडेअकरा. मी झांक्या बघायला बसलो होतो आणि खिशात फोन सारखा थरथरत होता.

येण्याचा भाग ठरल्याप्रमाणे झाला. दारात गाड्यांची रांग कधी सहा-सातच्या वर गेली नाही आणि पूजा एक वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. मराठी कार्यक्रमाच्या मानाने हे वेळेवरच. पंगती दोन झाल्या, कॅफेटेरियात एका वेळी दोनशेच्या आतच माणसं होती. उघड्या दर्शनाला शंभरेक जण आले, त्यांत कानडी आणि तेलुगू शेजारीही होते, आणि सगळ्यांना उत्तरेत जागा मिळाली.

दोन गोष्टी बिघडल्या.

सकाळी दहाच्या सुमारास वीसेक गाड्या उत्तरेच्या पार्किंगवर येऊन थडकल्या. पत्रक चित्राच्या रूपात व्हॉट्सॅपवर फिरलं होतं. नवं पत्रक मंडळाच्या गटावर गेलं, पण जुनं तोपर्यंत गरब्याच्या गटावर, शाळेतल्या आयांच्या गटावर आणि कोणाकोणाच्या सासरी पोचलं होतं. त्यावर तारीख बरोबर होती, बाप्पा तोच होता आणि खाली "भरपूर व मोफत". दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तरी नवं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. काहींनी ३० डॉलर भरले, काही चिडून घरी गेले. बँडच्या पालकांनी सभ्यपणे सांगितलं, पण अडीच तास बंद दारासमोर सोवळं नेसून उभ्या राहिलेल्या एका आजोबांची समजूत काढायला अध्यक्षांना जावं लागलं.

दुसरी गोष्ट सहा वाजता. पत्रकात यायचं कसं ते लिहिलं होतं, जायचं कसं ते नव्हतं. कार्यक्रम संपला आणि अख्खी कुटुंबं व्हॅनपाशी उभी राहिली, आजी, बाबागाडी, प्रसादाचे डबे सगळं घेऊन. म्हणजे तोच १८० माणसांचा हिशेब, जो बैठकीत बाद केला होता. पाऊण तास गेल्यावर स्वयंसेवक-प्रमुख माइकवर आल्या आणि म्हणाल्या, फक्त गाडी चालवणारे जातील, बाकीच्यांनी आत बसा. पुढच्या पंचवीस मिनिटांत दार रिकामं झालं.

पुढच्या वेळी

परतीच्या गोंधळाला खरं तर व्हॅनची गरजच नव्हती, हे आठवड्याभरानंतर लक्षात आलं. चारनंतर उत्तरेचं पार्किंग मोकळं होतं, आणि मध्यंतर होतं पावणेपाचला. मध्यंतरात गाडी चालवणाऱ्यांनी चर्चमधून गाड्या आणून उत्तरेत लावल्या असत्या तर सहाला प्रत्येकाची गाडी दाराबाहेर असती. उघड्या दर्शनाला आलेल्यांच्या तीसेक गाड्या धरूनही जागा उरली असती. दर्शनाची वेळ ठरवताना उत्तरेचा विचार झाला, परतीच्या वेळी मात्र कोणाला तो आठवला नाही.

पत्रकाबद्दल भाचीचं आणि माझं एकमत झालं नाही. तिचं म्हणणं, चित्रावर फक्त तारीख, जागा आणि दुवा द्यायचा, वेळा-पार्किंग-तिकीट सगळं दुव्याच्या पानावर ठेवायचं. ते पान बदललं की सगळ्यांना बदललेलंच दिसतं. माझं म्हणणं, आमच्या वयाची माणसं दुवा उघडत नाहीत, चित्र मोठं करून वाचतात. म्हणून चित्रावर सगळं असू द्या, पण वर ठळक अक्षरांत "सुधारित, अमुक तारीख, आधीचे पत्रक रद्द" असं लिहा आणि रंगच बदला. आता दोन्ही करायचं ठरलंय.

खजिनदार अजूनही मोफत तिकिटावर नाराज आहेत. शून्य रुपयांची पावती फाडायची कशाला, असं त्यांचं म्हणणं. (ते डॉलरला रुपयेच म्हणतात.) त्यांना तोडगा म्हणून फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न "तुमच्यासोबत एकूण किती जण दारातून आत येणार?" असा टाकलाय, आणि पैशांचे रकाने त्याच्या खाली.

२०२६ साली गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ ला. मधला एकच शनिवार, १९ तारखेचा. हॉलचा अर्ज भरायच्या आधी भाचीने या वेळी फुटबॉलचं वेळापत्रक उघडलं. सामना परगावी आहे. तरीही तिने शाळेला लेखी विचारलंय की त्या दिवशी दोन्ही पार्किंग कोणाकोणाला दिलेली आहेत, आणि उत्तर येईपर्यंत पत्रकातली ती चौकट रिकामी ठेवली आहे.